दोन मिनिटांचं बोलणं, चार मथळे

मी एका फिजिशियन डॉक्टरांच्या ओपीडीत केसपेपर टाइप करण्याचं काम करते. सर पेशंट तपासतात, औषधाची चिठ्ठी स्वतः हाताने लिहून देतात आणि पेशंट बाहेर पडला की फोनच्या रेकॉर्डरवर बोलून ठेवतात. ते रेकॉर्डिंग ऐकून मी संगणकावर नोंद तयार करते. पहिलं दीड वर्ष मी ऐकलं तसं सलग टाइप करत होते. मग सरांनी सांगितलं की आता नोंदी चार मथळ्यांखाली हव्यात: तक्रारी, तपासणी, निदानाचा अंदाज आणि पुढची योजना. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी 1968 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रुग्णाच्या आजाराच्या प्रत्येक समस्येनुसार नोंद कशी ठेवावी हे मांडलं होतं. त्या पद्धतीतून हे चार भाग आले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सोप’ नोट म्हणतात.

मला वाटलं होतं, वाक्यं उचलायची आणि योग्य मथळ्याखाली ठेवायची, एवढंच काम आहे. पहिल्याच आठवड्यात एका नोंदीत माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळे मी या कामाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. ती नोंदच इथे सविस्तर सांगते. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमची मूळ नोंद इंग्रजीत असते, इथे ती मराठीत मांडते.

शनिवार होता. सरांचं रेकॉर्डिंग असं होतं:

“बासष्ट वर्षांच्या बाई, बीपी आठ वर्षं, शुगर पाच वर्षं. दोन्ही पायांना सूज, तीन आठवडे, डावा जास्त. संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. धाप नाही, रात्री उठून बसावं लागत नाही, लघवी ठीक. ॲम्लो दहा केली होती आपण सहा आठवड्यांपूर्वी, पाचाची. डावी पोटरी दुखते चार दिवस, गेल्या रविवारी नागपूरहून रात्रभर बसने आल्यात. बीपी एकशे अडतीस चौऱ्याऐंशी, घरी दीडशे येतो म्हणतात. पल्स ब्याऐंशी, सॅच्युरेशन सत्त्याण्णव. पिटिंग एडीमा बायलॅटरल, उजवीकडे घोट्यापर्यंत, डावीकडे नडगीच्या मध्यापर्यंत. जेव्हीपी नॉट रेझ्ड, चेस्ट क्लिअर. काफ उजवी छत्तीस... नाही नाही, डावी छत्तीस, उजवी साडेचौतीस. डाव्या पोटरीला दाबल्यावर थोडं दुखतं. क्रिएटिनिन पॉइंट नाइन, युरिन अल्ब्युमिन निल, बाहेरचा रिपोर्ट आहे. बहुतेक ॲम्लोची सूज. रूल आउट डीव्हीटी. ॲम्लो बंद, टेल्मी चाळीस सकाळी. डाव्या पायाचा व्हीनस डॉपलर आजच. शुगरची गोळी तीच. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम. हां, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच यायचं, सांगितलंय त्यांना.”

जेमतेम दोन मिनिटांचं बोलणं. मी ऐकत ऐकत थेट मथळ्यांखाली टाइप करत गेले. ‘दोन्ही पायांना सूज’ हे वाक्य तक्रारींत टाकलं. पुढे ‘पिटिंग एडीमा’ आलं तेव्हा वाटलं, सूज तर आधीच लिहिली आहे, पुन्हा कशाला. म्हणून तिथे फक्त ‘एडीमा आहे’ असं लिहून पुढे गेले. घरचा दीडशेचा बीपी आणि ओपीडीतला बीपी मी तपासणीच्या मथळ्याखाली एका ओळीत लिहिले. आणि ‘रूल आउट डीव्हीटी’ याचं मी अंदाजाखाली ‘डीव्हीटी नाही’ असं केलं.

डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. गुठळी आहे की नाही हे डॉपलर करून, म्हणजे शिरांची सोनोग्राफी करून बघतात. डॉक्टर मंडळी ‘रूल आउट अमुक’ म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की अमुक आजाराची शंका आहे, तपासून तो नाही याची खात्री करायची आहे. ते पुढे करायचं काम असतं. ‘रूल्ड आउट’ म्हटलं तर मात्र ते झालेलं काम असतं, म्हणजे तपासलं आणि तो आजार निघाला नाही. भरभर बोलण्यात ‘रूल’ आणि ‘रूल्ड’ यांतला फरक कानाला पकडता येत नाही. आणि त्या एका अक्षरावर अर्थ पूर्ण उलटा होतो.

संध्याकाळी सर नोंदी वाचून सही करतात. ते थांबले आणि म्हणाले, “अगं, डीव्हीटी नाही असं मी ठरवलं असतं, तर डॉपलर कशाला सांगितला असता?”

त्या बाईंचं नुकसान झालं नव्हतं, कारण डॉपलरची चिठ्ठी सरांनी त्यांच्या हातात आधीच दिली होती. पण मी घरी गेले तरी ते डोक्यातून जाईना. त्या रात्री त्यांना धाप लागली असती आणि दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी आमचा केसपेपर बघितला असता, तर त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की गुठळी नाही. सलग टाइप केलेल्या जुन्या नोंदीत हेच शब्द ‘रूल आउट डीव्हीटी’ असे जसेच्या तसे राहिले असते आणि वाचणाऱ्या डॉक्टरांना त्याचा अर्थ बरोबर कळला असता. मथळ्यांत बसवताना मी त्याचा अर्थ लावला, म्हणून चूक झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सरांच्या परवानगीने ओपीडी उघडून बसले आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा घेतलं. या वेळी पद्धत बदलली. पहिल्यांदा एकही अक्षर टाइप न करता पूर्ण ऐकलं. त्याचा फायदा लगेच दिसला. पोटरीच्या मापाशी सर आधी ‘उजवी छत्तीस’ म्हणतात आणि मग दुरुस्त करतात. ऐकता ऐकता टाइप करणाऱ्याच्या हातून ‘उजवी 36’ हे उमटून जातं आणि दुरुस्ती निसटते. धापेबद्दल तक्रारींच्या वेळी एकदा बोलून झालं होतं, पण धाप लागली तर काय करायचं हे अगदी शेवटी आलं. शेवटचं वाक्य ऐकेपर्यंत नोंद पूर्ण होत नाही, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर आठवेल तसं बोलतात, मथळ्यांच्या क्रमाने बोलत नाहीत.

दुसऱ्यांदा ऐकताना बोललेलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्याची छोटी छोटी विधानं पाडली. एका ओळीवर एकच गोष्ट. ‘दोन्ही पायांना सूज’ ही एक ओळ, ‘तीन आठवडे’ दुसरी, ‘डावा जास्त’ तिसरी. त्या दोन मिनिटांची चाळीसच्या आसपास विधानं झाली. मग प्रत्येकापुढे मी एकच प्रश्न ठेवला: हे कोणाला कळलं, आणि कसं?

पेशंटने किंवा घरच्यांनी सांगितलं असेल, तर ते तक्रारींत जातं. डॉक्टरांनी पाहिलं, हाताने चाचपलं, मोजलं, किंवा लॅबच्या कागदावर छापून आलं असेल, तर ते तपासणीत. डॉक्टरांनी त्यावरून काय ताडलं ते अंदाजात, आणि काय करायचं ठरवलं ते योजनेत. सूज दोन ठिकाणी का लिहायची, याचं उत्तर मला या प्रश्नातच मिळालं. त्या पेशंट मावशी म्हणतात सूज आहे, संध्याकाळी वाढते आणि सकाळी उतरते. हे डॉक्टरांनी बघितलेलं नाही, त्यांनी ते मावशींकडून ऐकलं आहे. डॉक्टरांनी बोटाने दाबलं, खड्डा पडला, आणि उजवीकडे घोट्यापर्यंत, डावीकडे नडगीच्या मध्यापर्यंत सूज आढळली. या दोन वेगळ्या माहिती आहेत. एक गाळली तर नोंद अर्धी राहते.

घरचा बीपी याच कसोटीवर तक्रारींत गेला. आकडा आहे म्हणून तो तपासणीत जात नाही. घरचं यंत्र कसलं, पट्टा दंडाला नीट बसतो का, जिना चढून आल्या आल्या मोजलं का, यातलं काहीही आपल्याला माहीत नसतं. दोन्ही आकडे शेजारी लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल ओपीडीत दोनदा मोजला.

‘नाही’ असलेली विधानं हा तक्रारींतला सगळ्यात नाजूक भाग. धाप नाही, रात्री उठून बसावं लागत नाही, लघवी ठीक. टाइप करणाऱ्याला वाटतं, जे नाही ते कशाला लिहायचं. पण दोन्ही पायांना सूज आलेल्या पेशंटच्या बाबतीत डॉक्टरांनी हे प्रश्न मुद्दाम विचारलेले असतात. पहिले दोन हृदयासाठी, तिसरा मूत्रपिंडासाठी. पुढे अंदाजात ‘बहुतेक ॲम्लोची सूज’ आलं आहे, ते या तीन ‘नाहीं’च्या आधारावर आलं आहे. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने लहान रोहिण्या सैल होतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी साचतं. डोस वाढवला की हा त्रास वाढतो. पाचाची दहा केल्यावर तीन आठवड्यांनी सूज सुरू झाली, हा धागाही म्हणूनच महत्त्वाचा, आणि तो तक्रारींच्या भागात औषधांच्या इतिहासाखाली तारखेसकट हवा. मी जुना केसपेपर काढून तारीख ताडून पाहिली. सहा आठवडे बरोबर होते.

तारखेचं आणखी एक. ‘गेल्या रविवारी’, ‘चार दिवस’ हे शब्द त्या शनिवारी सगळ्यांना कळतात. दोन महिन्यांनी केसपेपर उघडला की त्यांचा अर्थ लावत बसावं लागतं. त्यामुळे बोललेले शब्द तसेच ठेवून कंसात तारीख घालायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली. बसचा प्रवास आधी आणि पोटरीचं दुखणं नंतर, हा क्रम तारखांमुळे झटकन दिसतो. बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसणं हे गुठळीच्या शंकेमागचं एक कारण आहे, त्यामुळे हा क्रम दिसायलाच हवा.

तपासणीच्या भागात मला वेगळीच अडचण आली. आमच्या संगणकातल्या साच्यात प्रत्येक अवयवापुढे काही मजकूर आधीच भरलेला येत असे. पोट मऊ, दुखरं नाही. मज्जासंस्था सामान्य. बदल असेल तर आपण खोडायचं, नसेल तर तसंच राहू द्यायचं. रविवारी मी विधानं आणि तयार नोंद समोरासमोर ठेवली तेव्हा दिसलं की पोटाबद्दल सर एक शब्दही बोललेले नाहीत. त्यांनी त्या दिवशी पोट तपासलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण माझ्या नोंदीत ते तपासून सामान्य निघालं होतं. सोमवारी सरांना विचारून मी साच्यातला तो सगळा तयार मजकूर काढून टाकला. आता जे बोललं गेलं नाही त्याची जागा कोरी राहते. कोरी जागा बघून सरांना वाटलं तर ते भर घालतात. काही दिवस त्यांना ते कोरे रकाने खटकले, पण साचा तसाच राहिला.

पोटरीच्या मापाबद्दल मी सरांना विचारलं, कारण ‘छत्तीस आणि साडेचौतीस’ एवढ्याने मला काही बोध होईना. त्यांनी टेप काढून दाखवलं. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांचा घेर मोजायचा. दोन्हींत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गुठळीची शंका बळावते. इथे फरक दीड सेंटिमीटरचा. म्हणजे उजवी-डावीची अदलाबदल झाली असती तर दुखरा पाय बारीक आणि बरा पाय जाड अशी नोंद झाली असती. आता मी बाजू सांगणारा प्रत्येक शब्द ठळक करून ठेवते आणि सगळ्या ठळक शब्दांवरून एकदा सलग नजर फिरवते. दुखणं डावीकडे, सूज डावीकडे जास्त, घेर डावीकडे जास्त, डॉपलर डाव्या पायाचा. एखादी बाजू वेगळी निघाली की रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं.

क्रिएटिनिन ‘पॉइंट नाइन’ हे 0.9 असंच लिहायचं, शून्य धरून. नुसतं .9 लिहिलं आणि छापताना टिंब पुसट झालं तर 9 दिसतं, आणि 9 क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड निकामी झाल्याचा आकडा. रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा होता, तर तसं लिहून त्याची तारीखही दिली. ती रेकॉर्डिंगमध्ये नव्हती, फाइलमधल्या कागदावरून घेतली.

अंदाजाच्या मथळ्यात मी सगळ्यात कमी हात घालते. ‘बहुतेक’ असेल तर ‘बहुतेक’. शंका असेल तर शंका. तिथे मला एक मोह झाला होता. 138/84 बघून ‘बीपी नियंत्रणात’ असं लिहावंसं वाटलं, कारण बीपी आठ वर्षांपासून आहे आणि त्याबद्दल अंदाजात काहीच नाही, हे अपुरं दिसत होतं. पण सरांनी तसं म्हटलं नव्हतं, आणि घरी दीडशे येतो हेही त्यांनी ऐकलेलं होतं. ती ओळ माझ्या मनातली होती. मी ती विचारायच्या यादीत टाकली.

योजनेत ‘शुगरची गोळी तीच’ हे वरवर सगळ्यात सोपं वाक्य. मागच्या केसपेपरात मेटफॉर्मिन 500 दोनदा, असं होतं. पण फाइलमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांची चिठ्ठीही होती, तिच्यावर ग्लिमेपिराइड 1 लिहिलेली. मग ‘तीच’ म्हणजे नेमकी कोणती? ग्लिमेपिराइडने साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा ती असली काय नि नसली काय, असं म्हणून चालत नाही. तेही यादीत गेलं.

सोमवारी सरांपुढे तीन प्रश्न ठेवले. ‘रूल आउट’ म्हणजे शंका असंच लिहायचं ना? बीपीचं काय लिहायचं? आणि ‘तीच’ गोळी कोणती? सर म्हणाले, “ग्लिमेपिराइड मी त्यांना मागेच बंद करायला सांगितली होती, पण कागदावर आलं नसेल. आता लिही. आणि बीपीचं लिही, घरी जास्त येतो, यंत्र घेऊन यायला सांगायचं. हे मी त्यांना सांगायचंच विसरलो.” रिसेप्शनवरच्या ताईंनी त्याच दिवशी मावशींना फोन करून सांगितलं.

सुधारलेली नोंद अशी झाली:

तक्रारी: वय 62, स्त्री. दोन्ही पायांना सूज 3 आठवडे, डावीकडे जास्त, संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. डावी पोटरी दुखते 4 दिवस. त्याआधी रात्रभर बसप्रवास. धाप नाही, रात्री उठून बसावं लागत नाही, लघवीची तक्रार नाही. रक्तदाब 8 वर्षं, मधुमेह 5 वर्षं. ॲम्लोडिपिन 5 ची 10 केली, 6 आठवड्यांपूर्वी. घरी मोजलेला बीपी 150 येतो असं सांगतात.

तपासणी: बीपी 138/84, नाडी 82, सॅच्युरेशन 97. दाबल्यावर खड्डा पडणारी सूज, उजवीकडे घोट्यापर्यंत, डावीकडे नडगीच्या मध्यापर्यंत. पोटरीचा घेर डावा 36, उजवा 34.5 सेंमी. डावी पोटरी दाबल्यावर थोडी दुखते. मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत, छाती स्वच्छ. क्रिएटिनिन 0.9, लघवीत अल्ब्युमिन नाही (बाहेरची लॅब).

अंदाज: 1. पायांची सूज, बहुतेक ॲम्लोडिपिनमुळे. 2. डावी पोटरी, डीव्हीटीची शंका, तपासून खात्री करायची. 3. रक्तदाब, घरचे आकडे जास्त, पडताळायचे. 4. मधुमेह.

योजना: 1. ॲम्लोडिपिन बंद. टेल्मिसार्टन 40 मिग्रॅ सकाळी. 2 आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम. 2. डाव्या पायाचा व्हीनस डॉपलर आजच. धाप किंवा छातीत दुखणं झाल्यास लगेच येणे, हे सांगितलं आहे. 3. घरचं बीपीचं यंत्र घेऊन येणे (सोमवारी फोनवर कळवलं). 4. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन 500 दोनदा चालू. ग्लिमेपिराइड बंद.

प्रवास आणि दुखण्याच्या तारखा मूळ नोंदीत आहेत, इथे गाळल्या. फोनची ओळ सोमवारची म्हणून तशी वेगळी दाखवली, शनिवारच्या बोलण्यात ती मिसळली नाही. अंदाज आणि योजनेत आकडे घातले ते वीड यांच्या मूळ कल्पनेला धरून आहेत: प्रत्येक समस्येला तिचा उपाय जोडलेला हवा. यातून मला एक पडताळणी मिळाली. योजनेतल्या प्रत्येक ओळीसाठी वर अंदाजात कारण शोधायचं, आणि अंदाजातल्या प्रत्येक ओळीसाठी खाली कृती. शनिवारी मी हे केलं असतं, तर ‘डीव्हीटी नाही’ आणि ‘डॉपलर आजच’ ही जोडी तिथेच अडली असती. शेवटी कच्च्या विधानांची यादी घेऊन, नोंदीत सापडलेल्या प्रत्येकावर काट मारत जायचं. मग उलट जायचं: नोंदीतली प्रत्येक ओळ यादीत किंवा फाइलमधल्या कागदावर सापडते का. पहिल्या फेरीत काय गळलं ते कळतं, दुसऱ्या फेरीत आपण पदरचं काय घातलं ते. सुरुवातीला एका नोंदीला पंचवीस मिनिटं लागत होती. आता दहा-बारा लागतात. त्याहून कमी वेळ मला जमलेला नाही, आणि गर्दीच्या दिवशी काही नोंदी दुसऱ्या दिवसावर जातात. सरांना हे मान्य आहे.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या. या वेळी सरांचं रेकॉर्डिंग मिनिटभराचंच होतं. डॉपलरचा रिपोर्ट तारखेसह तपासणीत लिहिला: डाव्या पायाच्या खोल शिरांत गुठळी नाही. त्याखाली अंदाजात मी ‘डीव्हीटी नाही’ असं टाइप केलं, सरांनीही तसंच म्हटलं होतं. सूज पूर्ण गेली असं मावशी म्हणत होत्या, ते तक्रारींत लिहिलं. सरांना डाव्या घोट्याशी अजून थोडा खड्डा पडताना दिसला, ते तपासणीत लिहिलं. दोन्ही ओळी तशाच राहू दिल्या.